डाव्या पायाचा सराव आणि घरामागची भिंत

"डॉक्टरसाहेब, पोराचा डावा पाय कमजोर हाय म्हनत्यात सर. एखादं टॉनिक द्या," असं म्हणत एक आजी आपल्या चौदा वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या धाराशिवच्या दवाखान्यात आल्या होत्या. मुलगा शाळेच्या फुटबॉल संघात खेळतो. संघात डाव्या बाजूची जागा रिकामी होती आणि ती त्याला हवी होती. अडचण एकच. चेंडू डाव्या पायाकडे आला की तो अंग वळवून उजव्या पायावर घ्यायचा, आणि तेवढ्यात समोरचा मुलगा चेंडू काढून न्यायचा. क्रीडाशिक्षक म्हणाले, "डावा पाय कमजोर आहे, त्यावर काम कर." स्पर्धेला अडीच महिने होते. आजींच्या मनात मात्र वेगळीच भीती होती. त्यांच्या धाकट्या भावाचा पाय लहानपणी पोलिओने गेला होता.

म्हणून आधी ती भीती दूर करणं गरजेचं होतं. मी दोन्ही मांड्यांचा आणि पोटऱ्यांचा घेर टेपने मोजला, तो जवळजवळ सारखा भरला. त्याला टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर. एका पायावर दहा उड्या, आधी उजव्या, मग डाव्या. गुडघ्याच्या आणि घोट्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया तपासल्या. सगळं ठीक. एक प्रश्न मी मुद्दाम विचारला, "खो-खो खेळतोस का? खो मिळाल्यावर दोन्ही बाजूंना सारखाच सुटतोस?" आमचा जिल्हा खो-खोचा आहे, सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला तो याच खेळासाठी, त्यामुळे इथल्या बहुतेक मुलांना हा प्रश्न लगेच कळतो. तो म्हणाला, दोन्हीकडे सारखंच. म्हणजे डाव्या पायात जोर होता, तो पायाला ढकलत होता, उडी मारत होता. नव्हती ती चेंडू मारायची सवय.

पालकांसाठी इथेच सांगून ठेवतो. एक पाय दुसऱ्यापेक्षा बारीक होत चालला असेल, मूल अलीकडे अडखळून पडू लागलं असेल, पाऊल घासत चालत असेल, तर तो खेळाचा प्रश्न नव्हे. तेव्हा भिंतीकडे न जाता डॉक्टरांकडे जा.

बहुतेक माणसं उजव्या हाताची तशी उजव्या पायाचीही असतात. दोन-तीन वर्षांचं मूल चेंडू लाथाडतं तेव्हापासून मेंदू तेच काम एका पायाला देत राहतो. चौदाव्या वर्षापर्यंत उजव्या पायाने ते काम हजारो वेळा केलेलं असतं, डाव्याने फारच थोड्या वेळा. पण यातला अर्धा भाग आपल्या लक्षात येत नाही. उजवा पाय मारत असताना डावा पाय उभा असतो, सगळं वजन तोलत असतो. डाव्याने मारायचं तर हे तोलायचं काम उजव्याकडे येतं, आणि ते त्याने कधी केलेलंच नसतं. मी त्या मुलाला डाव्या पायावर उभं करून उजवा पाय मागेपुढे झुलवायला सांगितलं. तो स्थिर राहिला. मग उजव्यावर उभा राहून डावा झुलवला, तर चौथ्या-पाचव्या झोक्याला घोटा डगमगला आणि हात पसरले. सगळ्याच मुलांत हा फरक इतका ठळक दिसत नाही, पण याच्यात दिसला, आणि आजींनीही पाहिला. त्यामुळे टॉनिकचा विषय तिथेच संपला.

सराव मी अगदी साधा सांगितला. त्यांच्या घरामागे गिलावा केलेली पक्की भिंत होती. दगडी भिंत असेल तर चेंडू कुठेही उडतो आणि मुलाला आपली चूक की भिंतीची, हेच कळत नाही. नुसत्या विटा किंवा ब्लॉक रचून केलेली डळमळीत भिंतही नको. त्याने खडूने जमिनीलगत एक मीटर रुंदीची चौकट काढली आणि तिच्यापासून चार पावलांवर, साधारण तीन मीटरवर, तो उभा राहू लागला. चेंडू मोठ्यांचा, पाच नंबरचा, त्याच्या वयाला तोच योग्य. रोज सकाळी शाळेआधी दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये आठनंतर अंगण तापतं, तेव्हा हीच दहा मिनिटं सातच्या आत उरकावीत.

पास पायाच्या आतल्या बाजूने द्यायचा, अंगठ्याच्या सांध्यापासून टाचेपर्यंत जी सपाट बाजू असते तिने. बोटं किंचित वर, घोटा घट्ट. उजवं पाऊल चेंडूच्या शेजारी एक वीतभर अंतरावर, त्याचं टोक चौकटीकडे, गुडघा थोडा सैल. मग हलका पास. चेंडू परत आला की डाव्यानेच थांबवायचा आणि डाव्यानेच परत द्यायचा. पहिले दोन आठवडे एवढंच, दर पासाला दोन स्पर्श.

पहिल्या आठवड्यात तो जोरात मारत होता. जोराने मारलेला चेंडू जोराने परत येतो, मग पाऊल नीट ठेवायला वेळच मिळत नाही आणि मुलगा नकळत उजवा पाय पुढे करतो. मी त्याला सांगितलं, "चेंडू भिंतीला लागल्याचा आवाज आजीला स्वयंपाकघरात ऐकू येता कामा नये." ही खूण त्याला पटकन कळली. दुसरी चूक उभ्या पायाची. उजवं पाऊल चेंडूच्या मागे राहिलं की अंग मागे झुकतं आणि चेंडू उचलला जातो. त्याच पावलाचं टोक बाहेर वळलं की चेंडू बाजूला जातो. म्हणजे डाव्या पायाचा पास कुठे चुकला हे पाहायचं तर नजर उजव्या पायावर ठेवायची. त्याच्या धाकट्या बहिणीला हे काम दिलं, आणि ती फार कडक परीक्षक निघाली.

मोजदाद दर रविवारी. डाव्या पायाने वीस पास; चेंडू चौकटीत लागून परत आला आणि तो घ्यायला एकाहून जास्त पाऊल हलावं लागलं नाही, तरच तो धरायचा. पहिल्या रविवारी डाव्याचे वीसपैकी सात, उजव्याचे सतरा. दुसऱ्या रविवारी डाव्याचे अकरा. तिसऱ्या आणि चौथ्या रविवारी पुन्हा अकराच. इथे मुलं कंटाळतात, आणि पालक दहा मिनिटांचं एक तास करायला सांगतात. तसं करू नये. हालचाल शिकण्याचं काही काम सरावानंतर, झोपेतही चालू असतं. म्हणून रोजची दहा मिनिटं रविवारच्या दीड तासापेक्षा उपयोगी पडतात, आणि दमलेल्या पायाने चुकीचीच हालचाल पक्की होत जाते. आकडा अडला तेव्हा आम्ही वेळ वाढवली नाही, काम बदललं. आता उजव्याने चेंडू घ्यायचा आणि डाव्याने द्यायचा, मग एकाच स्पर्शात परत, मग एक पाऊल मागे सरकून. आठव्या रविवारी डाव्याचे पंधरा झाले.

मधल्या काळात उजवा पाय मागे पडेल का, असं त्याच्या वडिलांनी विचारलं होतं. नॉर्वेतले संशोधक हालांड आणि हॉफ यांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात फुटबॉल खेळणाऱ्या तरुण मुलांनी आठ आठवडे सराव मुख्यतः आपल्या कमी वापरातल्या पायाने केला. तो पाय तर सुधारलाच, नेहमीचा पायही सुधारला. मेंदू एका बाजूला शिकलेलं थोडंफार दुसरीकडेही वापरतो, आणि शिवाय नेहमीच्या पायाला उभं राहण्याचं शिक्षण मिळतं. मुलाला मात्र अभ्यासापेक्षा जर्मनीच्या आंद्रेआस ब्रेमेची गोष्ट आवडली. त्याने १९८६ च्या विश्वचषकात मेक्सिकोविरुद्ध पेनल्टी डाव्या पायाने मारली आणि १९९० च्या अंतिम सामन्यातली निर्णायक पेनल्टी उजव्याने.

पाचव्या आठवड्यात आजी पुन्हा आल्या. "सराव डाव्याचा अन् दुखतंय उजवं!" गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला जो हाडाचा उंचवटा असतो, तिथे दाबलं की दुखत होतं आणि थोडी सूज होती. याला ऑसगूड-श्लाटर म्हणतात. या वयात हाडं भराभर वाढतात, आणि मांडीचा मोठा स्नायू जिथे नडगीला ओढतो तो भाग अजून कोवळा असतो. मुलगा वर्षभरात बराच उंच झाला होता, शाळेत खो-खो, संध्याकाळी फुटबॉल, आणि आता उजव्या गुडघ्यावर रोजचं नवं वजन, तेही सिमेंटवर. त्याला आधी थांबवला तो पळण्या-उड्यांचा भाग. भिंतीवरचे हलके पास निम्मे करून मातीच्या जागेवर चालू ठेवले. अट अशी की दुखणं दहापैकी तीनच्या वर जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नसावं. खेळल्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, आणि मांडीच्या पुढच्या स्नायूचा ताण. तीन आठवड्यांत तो पुन्हा पळू लागला. या आजारात इंजेक्शनची गरज नसते, आणि स्टेरॉइडचं तर मुळीच घेऊ नये. हाडाचा तो उंचवटा थोडा मोठा राहू शकतो, त्याने घाबरू नये.

पण किशोरवयातलं प्रत्येक गुडघेदुखीचं कारण गुडघ्यात नसतं. मूल लंगडत असेल, पाऊल बाहेर वळवून चालत असेल, जांघेत किंवा मांडीत दुखत असेल, तर खुब्याचा सांधा तपासून एक्स-रे काढलाच पाहिजे. मांडीच्या हाडाचं डोकं वाढीच्या रेषेवरून सरकलेलं असू शकतं, आणि तिथे एकेक दिवस महत्त्वाचा असतो. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, किंवा गुडघ्याच्या आतली सूज, यांनाही थांबू नये.

स्पर्धेत त्याला डावी बाजू मिळाली. पहिल्या सामन्यात तो दुसऱ्या अर्धात उतरला. जमिनीवरून आलेले चेंडू त्याने डाव्याने सरळ पुढे दिले, पण उंचावरून आलेला चेंडू आला की पुन्हा उजव्याकडे वळत होता. भिंत चेंडू नेहमी खालून आणि समोरूनच परत देते, कुणी अंगावर धावून येत नाही, कुणाला द्यायचा हे ठरवावं लागत नाही. त्यामुळे आता दहापैकी पाच मिनिटं भिंतीची, आणि उरलेली पाच बहीण बाजूने उंच चेंडू फेकते. फेकताना ती हाताची एक-दोन बोटं दाखवते, आणि तो आकडा ओरडून सांगितल्यावरच चेंडू डाव्याने मारायचा.