मेंदीच्या केसांवर डाय लावताना

मागच्या लग्नसराईत अंबड तालुक्यातल्या एक ताई दवाखान्यात आल्या. डोक्यावरचा पदर बाजूला करून म्हणाल्या, "डॉक्टर, रक्तात काही बिघाड झालाय का? केस हिरवे पडलेत." मुळाशी तीन बोटं केस छान तपकिरी होते, मधले तांबूस ठिपक्यांचे आणि टोकं हिरवट. मुलीचं लग्न आठ दिवसांवर होतं.

रक्ताचा काही संबंध नव्हता. त्या अनेक वर्षं लोखंडी कढईत चहा-आवळा घालून मेंदी भिजवत होत्या. अलीकडे केस काळे दिसावेत म्हणून मेंदीनंतर नीळ पावडरही लावायच्या. त्यावर त्यांनी पहिल्यांदाच फिकट तपकिरी डाय लावला होता.

आता असं का झालं, ते समजून घ्या. मेंदीतला रंग केसाच्या प्रथिनाला घट्ट चिकटतो, आणि दरवेळी त्यावर नवा थर चढतो. डायमधला अमोनिया केसाचं बाहेरचं आवरण उघडतो आणि पेरॉक्साइड आतला नैसर्गिक रंग फिका करून नवा रंग तयार करतं. मुळाशी नवे केस कोरे असतात, तिथे डाय नीट बसतो. टोकांवर मात्र मेंदीचे पाच-दहा थर असतात, आणि ते सगळीकडे सारखे नसतात. म्हणून ठिपके पडतात.

हिरवा रंग बहुधा निळीमुळे येतो. पेरॉक्साइडने केस पिवळसर झाले, पण निळीचा निळा तसाच राहिला, तर पिवळा आणि निळा मिळून हिरवा दिसतो. काही तयार 'मेंदी' पाकिटांत धातूंचे क्षार असतात. त्यांची पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस गरम होतात, रंग विचित्र येतो, केस तुटतातही. लोखंडी कढईतलं लोहही पेरॉक्साइडचं काम बिघडवू शकतं.

ताईंना त्यावर लगेच दुसरा फिकट डाय लावायचा होता. मी थांबवलं. त्याऐवजी आधी चाचणी करायला सांगितली. तुम्हीही तीच करा. मेंदी लागलेल्या भागातले वीस-पंचवीस केस मागून कापा. प्लास्टिकच्या वाटीत पाकिटावर लिहिल्याप्रमाणे डाय कालवून त्यात ठेवा, तेवढाच वेळ. मिश्रण फेसाळलं, गरम झालं किंवा केस ताणताच तुटले, तर डाय लावू नका. नाहीतर केस धुवून, वाळवून उन्हात रंग पाहा. शिवाय कानामागे थोडा डाय लावून ४८ तास खाज किंवा सूज येते का, हे पाहा. काळ्या मेंदीने पूर्वी खाज आली असेल, तर डाय टाळाच.

ताईंच्या बटेवर गडद तपकिरी एकसारखा बसला. लग्नात तोच लावला. फिकट रंग हवाच असेल, तर नवे केस येईपर्यंत थांबावं लागेल. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात.