एका डेबिट नोटची गोष्ट : 425 नग की 340?

मी एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्यात स्टोअर आणि पर्चेसचं काम बघते. मागच्या महिन्यात आमच्या एका सप्लायर काकांचा फोन आला. शेड भाड्याची, दोन लेथ, चार माणसं, एवढाच त्यांचा पसारा. आम्हाला वीस मिमी बोअरचे बुश करून देतात. फोनवर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मॅडम, एकवीस हजार कापलेत. कापा, पण कशाचे ते तरी सांगा. पोरांना पगार देताना मी काय सांगू?"

मी म्हटलं, "काका, डेबिट नोट पाठवली आहे ना." ते म्हणाले, "तीच समोर घेऊन बसलोय."

मग मीही ती काढली. माझीच नोट, माझीच सही. त्यात एकच ओळ होती : "क्वालिटी प्रॉब्लेममुळे रिजेक्शन, तुमच्या खात्याला रु. 21,063 डेबिट." टॅलीत नॅरेशन टाकतो तसं टाकलेलं. आमच्या हिशोबाला तेवढं पुरतं. पण समोरच्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही.

त्या दिवशी ती नोट नव्याने लिहायला बसले, आणि लिहिता लिहिता कळलं की चूक फक्त भाषेची नव्हती.

पहिला प्रश्न, किती नग? आले होते 2,000, आठ क्रेटमध्ये 250-250. इन्स्पेक्शनचा कागद शोधला तर त्यावर आकडा 425. पण खाली इन्स्पेक्टरच्या हाताने दोन ओळी होत्या : 340 बोअर मोठा, 85 ला बर. बर म्हणजे कडेला राहिलेली धातूची धार. शॉपवर जाऊन विचारलं, ते 85 कुठे आहेत? सुपरवायझर म्हणाला, "ते होय? फाईल मारून तेव्हाच लाईनला दिले."

म्हणजे 85 बुश आम्ही वापरलेसुद्धा, आणि पैसे मात्र 425 चे कापले. 42 रुपये नग, 85 नगांचे 3,570, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 4,212 रुपये 60 पैसे. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. इन्स्पेक्शनच्या कागदावरचा "एकूण नापास" हा आकडा अकाउंट्सने "परत पाठवलेला माल" समजून उचलला. नोटमध्ये दोष आणि नग वेगवेगळे लिहायची जागाच नव्हती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. 85 नगांच्या फायलिंगची मजुरी लावावी का, असंही एकाने सुचवलं. पण आमच्या ऑर्डरमध्ये तशी अट नाही. तो विषय तिथेच सोडला.

दुसरा प्रश्न, दोष काय? "क्वालिटी प्रॉब्लेम" वाचून काकांनी स्वतःच अंदाज बांधला होता की फिनिशिंगची तक्रार असेल. म्हणून पुढच्या लॉटचा एकेक बुश ते घासून घेत होते. खरा दोष वेगळाच होता. ड्रॉइंगमध्ये बोअर 20.000 ते 20.021 मिमी. प्लग गेजची नो-गो बाजू आत जायला नको, ती 340 नगांत सरळ जात होती. बोअर गेजवर माप 20.03 ते 20.05. नुसतं "बोअर मोठा" लिहून भागत नाही. किती हवा, किती आला आणि कशाने मोजला, हे तिन्ही लिहिलं तरच समोरचा आपल्या गेजने पडताळून बघू शकतो.

आणखी एक गोष्ट त्या कागदावर होती आणि नोटमध्ये नव्हती. नापास नग सगळे क्रेट 5 आणि 6 मधले होते, 172 आणि 168. बाकी सहा क्रेटमध्ये बोअरचा एकही नापास नाही. हे फोनवर वाचून दाखवलं तेव्हा काका क्षणभर गप्प झाले. म्हणाले, "पाच-सहा म्हणजे दुसऱ्या दिवशीचे. त्या सकाळी रीमर बदलला होता." संध्याकाळी पुन्हा फोन केला : रीमर होल्डरमध्ये नीट बसलाच नव्हता, फिरताना लहरत होता, म्हणून भोक मोठं पडत होतं. पुढच्या लॉटचं मशीन त्यांनी त्याच दिवशी थांबवलं.

नवी नोट अशी झाली :

"तुमचं बिल नंबर आणि तारीख अमुक. मिळालेले नग 2,000, तपासलेले 2,000, स्वीकारलेले 1,660, नाकारलेले 340. दोष : बोअर 20.03 ते 20.05 मिमी, हवा 20.000 ते 20.021, प्लग गेज आणि बोअर गेजने तपासणी. क्रेट 5 मध्ये 172, क्रेट 6 मध्ये 168. नाकारलेले नग अमुक चलनाने परत पाठवले. कपात : 340 नग × रु. 42 = 14,280. जीएसटी 18 टक्के 2,570.40. एकूण 16,850.40. आधीची रु. 21,063 ची नोट रद्द."

पाठवण्याआधी उलट बाजूनेही मोजून बघितलं. बिल 99,120 चं. त्यातून 16,850.40 वजा केले की 82,269.60 उरतात. स्वीकारलेले 1,660 नग, 42 रुपये दर, वर जीएसटी, तेही 82,269.60. दोन्ही बाजू जुळल्या की नोट पाठवायची. जुनी नोट अशी तपासली असती तर जुळलीच नसती, कारण तिच्या हिशोबाने स्वीकारलेले नग 1,575 येतात आणि स्टोअरला जमा होते 1,660.

बिल नंबर का लिहायचा, हेही सांगते. आमच्या डेबिट नोटने काकांचा जीएसटी कमी होत नाही. त्यांनी त्या बिलावर क्रेडिट नोट काढावी लागते, आणि आम्ही तेवढं इनपुट क्रेडिट सोडायचं असतं. नोटवर बिल आणि कराची रक्कम वेगळी नसेल तर त्यांचा अकाउंटंट क्रेडिट नोट काढणार कशी?

एक चूक मात्र नव्या नोटनेही सुधारली नाही. माल 4 तारखेला आला, तपासणी 9 ला झाली, आणि काकांना पहिला कागद गेला 27 ला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यात खरेदीदाराने हरकत लेखी आणि डिलिव्हरीपासून 15 दिवसांत घ्यायची असते. नाही घेतली तर माल स्वीकारला असं धरतात, आणि करार काहीही असो, पैसे 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. म्हणजे काकांनी ताणलं असतं तर आमची बाजू लंगडी होती. त्यांनी ताणलं नाही, कारण माल खरंच नापास होता आणि आता ते त्यांना दिसत होतं. आता इन्स्पेक्शनचा कागद त्याच दिवशी फोटो काढून सप्लायरला मेल होतो, डेबिट नोट नंतर.

ही पोस्ट वाचणाऱ्यांत छोटे वर्कशॉपवाले बरेच आहेत, म्हणून सांगते. अशी एका ओळीची नोट आली तर भांडू नका आणि गप्पही बसू नका. लेखी विचारा : किती नग, कोणता दोष, माप किती आलं, नाकारलेला माल आत्ता कुठे आहे, आणि दर कोणता लावला. "माल कुठे आहे" हे नक्की विचारा. आमचे 85 बुश त्याच प्रश्नाने सापडले.

काकांचे 4,212 रुपये 60 पैसे त्याच आठवड्यात खात्यावर गेले.