पाकिटाची कड

चामड्याचे पाकीट घेताना आपण बहुधा रंग, झळाळी आणि कोपऱ्यातली मुद्रा पाहतो. धारावीतल्या चामड्याच्या दुकानांतून हिंडता हिंडता आम्हांला मात्र कड पाहायची सवय लागली. ‘जेन्युइन लेदर’ हा शिक्का वस्तू कातड्याची आहे एवढेच सांगतो. कातड्याच्या कोणत्या थराची, हे सांगत नाही.

कातड्याचा केसांकडचा थर घट्ट विणीचा असतो. खाली जावे तसे तंतू सैल होत जातात. वरचा थर न घासता राखला, तर ते फुल ग्रेन. डाग घालवण्यासाठी तो घासून रंगाचा लेप दिला, की टॉप ग्रेन. आडवे चिरून निघालेला खालचा थर म्हणजे स्प्लिट. त्यावर प्लॅस्टिकचा लेप देऊन खोटे रवे उमटवतात. कातड्याचा चुरा चिकटवून केलेले ते बॉन्डेड. त्याचे पापुद्रे लवकरच सुटू लागतात.

मागे आम्ही दोन पाकिटे शेजारी ठेवून पाहिली. एक नामांकित कंपनीचे, बावीसशे रुपयांचे. दुसरे एका कारागिराचे, नऊशेचे. कंपनीच्या पाकिटाच्या कडा आत वळवून शिवलेल्या होत्या, म्हणून कार्डाच्या कप्प्यात डोकावलो. तिथल्या उघड्या कडेवर पातळ, चकचकीत पापुद्रा आणि त्याखाली केसाळ, सैल तंतू दिसले. हा स्प्लिट. दुसऱ्याची कड वरपासून खालपर्यंत एकजीव होती, आणि दुमडल्यावर पृष्ठावर बारीक, अनियमित सुरकुत्या उमटल्या.

शिवणीत मात्र निकाल इतका सरळ नव्हता. हातशिवणीत एकच दोरा दोन सुयांनी प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी जातो. एक पदर तुटला तरी दुसरा धरून राहतो. यंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक झिजला की शेजारचे टाकेही सैल पडतात. कारागिराचे पाकीटही यंत्रावरच शिवलेले होते. टाके फार दाट घातले, तर तिकिटासारखी भोकांची रांग होऊन कातडे तिथेच फाटते, हेही त्याने दाखवले. “साहेब, टोकाला दोन टाके मागे घेतलेत ना, तेवढं बघा,” तो म्हणाला.

पाकिटापुरता आमचा कौल कारागिराकडे जातो. तिथे पैसा मुद्रेला न जाता कातड्याला आणि मजुरीला जातो, आणि उसवलेली शिवण तोच पुन्हा घालून देतो. हँडबॅगेत चेन, कड्या, अस्तर आणि भार पेलणारा पट्टा यांचाही प्रश्न असतो. तिथे लेखी हमी देणाऱ्या कंपनीला जास्त पैसे मोजणे गैर नाही. मात्र पट्टा जोडलेल्या जागेची शिवण आणि आतली कड पाहू देत नसतील, तर दुकान कोणाचेही असो, आम्ही पुढे जातो.