वरचं दूध, 45 अंशांत

माझी मुलगी जुलैत जन्मली, अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्स शहरात. त्या दिवसांत तिथं पारा 45 अंशांपर्यंत सहज जातो. तिचं वजन हवं तसं वाढेना, म्हणून डॉक्टरांनी अंगावरच्या दुधाच्या जोडीला दिवसातून दोनदा 90 मिली वरचं दूध द्यायला सांगितलं. तिथं ते दोन्ही रूपांत मिळतं. एक डब्यातली पावडर आणि दुसरं बाटलीबंद तयार दूध, ज्यात काहीच मिसळायचं नसतं. दोन्हींच्या बाबतीत मी चुकले, आणि त्या चुका इथं स्पष्ट सांगते आहे, कारण तशाच चुका करणाऱ्या आया मला पुढं पुष्कळ भेटल्या.

सुरुवातीला मी पावडर आणली. फिल्टरचं पाणी कोमट करायचं, त्यात पावडर घालून बाटली हलवायची की झालं. पाणी उकळायला सांगतात ते पाण्यातल्या जंतूंसाठी, आणि आमचं पाणी तर स्वच्छ आहे, असा माझा ठाम समज होता. तो चूक निघाला. खुद्द पावडरच निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू कोरड्या पावडरीतही तग धरून राहू शकतो. त्याची लागण क्वचित होते, पण दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला झाली तर जिवावर बेतते. दुधाच्या वासावरून किंवा रंगावरून तो कळत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या मार्गदर्शनात पावडर किमान 70 अंश तापमानाच्या पाण्यात कालवायला सांगितलं आहे. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत वापरलं तर ते साधारण तेवढं गरम असतं. मग बाटली गार पाण्यात धरून दूध निववायचं आणि मनगटावर थेंब टाकून पाहून पाजायचं.

हे डॉक्टरांकडून कळल्यावर मी घाबरले आणि थेट तयार दुधाकडे वळले. ते कारखान्यातच तापवून सीलबंद केलेलं असतं, म्हणून अगदी लहान किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तेच सुचवलं जातं. इथवर ठीक होतं. पण सील फोडेपर्यंतच ते दूध निर्जंतुक असतं, ही गोष्ट मी मनावर घेतली नाही. पुढच्या बऱ्याच चुका त्यातूनच झाल्या.

मी 946 मिलीची मोठी बाटली आणली, कारण छोट्यांच्या मानाने ती स्वस्त दिसली. किंमत सुमारे 12 डॉलर. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून 48 तासांत संपवा, असं तिच्यावर छापलं होतं. मुलगी दोन दिवसांत प्यायची 360 मिली. म्हणजे 586 मिली दूध ओतून देणं आलं. ते माझ्याच्यानं होईना. सासूबाई तेव्हा सोलापूरहून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, एवढं चांगलं दूध मोरीत घालायचं?" मलाही ते पटलं आणि ती बाटली मी चौथ्या दिवसापर्यंत ओढली.

खर्चाचा हिशेब मी तेव्हा नीट मांडला असता तर तो मोह झालाच नसता. मोठी बाटली नियमाने वापरली तर रोजचे 6 डॉलर पडत होते. 59 मिलीच्या छोट्या बाटल्या नगाला साधारण 1 डॉलर 40 सेंटना पडायच्या. दोन वेळच्या दुधाला तीन पुरायच्या, म्हणजे रोजचे 4 डॉलर 20 सेंट, आणि फेकायला जवळजवळ काही उरत नव्हतं. पाजायच्या बाटलीत ओतून घेतलं की छोट्या बाटलीतलं उरलेलं, तोंड न लागलेलं दूध झाकून फ्रिजमध्ये ठेवता येतं. पावडर मात्र या सगळ्यांत स्वस्त. तेवढ्याच दुधाला रोजचा सव्वा डॉलर, आणि उघडलेला डबा महिनाभर चालतो. ज्या बाळाचं पूर्ण पोषण वरच्या दुधावर आहे, त्याच्या घरी मोठी बाटली दीड दिवसात संपेल. तिथं हा हिशेब उलटा होतो.

त्याहून वाईट चूक उष्ट्या दुधाची. मुलगी कधी 50 मिली पिऊन झोपायची. उरलेलं 40 मिली मी फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या वेळी त्यातच ताजं दूध ओतायची. बाळाची लाळ बाटलीत उतरते, तिच्याबरोबर जंतू उतरतात, आणि कोमट गोड दुधात ते झपाट्याने वाढतात. फ्रिजमुळे ती वाढ मंदावते, पण आधी वाढलेले जंतू तसेच राहतात. पाजायला सुरुवात केल्यापासून तासाभरात जे उरेल ते ओतून द्यायचं, मग ते पावडरीचं असो की सीलबंद बाटलीतलं. मुलीला जुलाब झाले तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न उरलेल्या दुधाचाच विचारला. कारण तेच होतं असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं नाही, पण त्या रात्री दर तासाला तिचं लंगोट तपासताना मला दुसरं काही सुचत नव्हतं.

एकदा तयार दुधाचं अख्खं खोकं गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलं. खोक्यावर 35 अंशांची मर्यादा छापलेली होती, आणि फीनिक्सच्या उन्हात बंद गाडीचं आतलं तापमान 60 च्या वर जातं. बाटल्या फुगल्या नव्हत्या, झाकणं घट्ट होती. पण हलवूनही तळाशी बसलेला साका मिसळेना. सगळं खोकं टाकून दिलं. साका दिसला नसता तरी तेच करायला हवं होतं.

पुढल्या एप्रिलमध्ये आम्ही सोलापूरला आलो. तिथल्या दुकानांत आम्हाला पावडरचे डबेच मिळाले. फ्रिजचा भरवसा नाही, कारण भर दुपारी वीज जायची. तेव्हा साठवायचंच नाही असं ठरवलं. उकळतं पाणी थर्मासमध्ये, पावडर कोऱ्या कोरड्या डबीत, आणि भूक लागली की त्याच वेळी कालवायचं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून गरमच येई, म्हणून बाटली निववायला आम्ही पातेल्यात माठातलं पाणी घेत असू.

आणि तिथं मी पुन्हा चुकले. अमेरिकेतल्या आमच्या डब्यातला चमचा 60 मिलीला एक होता. सोलापूरच्या डब्यातला 30 मिलीला एक. हाताला जुनी सवय, त्यामुळे 180 मिलीला सहाच्या जागी तीनच चमचे पडत राहिले. सासूबाईंच्याच लक्षात आलं. "दूध पाणचट दिसतंय गं, आणि पोर तासाभरात पुन्हा रडतंय," असं त्या म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. अर्ध्या ताकदीच्या दुधाने बाळ उपाशी राहतं आणि जास्तीच्या पाण्याने रक्तातलं मीठ उतरू शकतं. उलट, मोठ्या चमच्याने सोलापूरच्या डब्याचं प्रमाण धरलं असतं तर दूध दुप्पट दाट होऊन भर उन्हाळ्यात बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालं असतं.

चूक सुधारल्यावर एका वेळी थोडंथोडंच दूध कालवायला लागलो. आधी 120 मिली, संपवून आणखी मागितलं तरच पुढचे 60. फेकणं जवळजवळ थांबलं. घरात अगदी तान्हं बाळ असेल, तयार दूध मिळत असेल आणि परवडत असेल, तर पहिले दोन महिने छोट्या बाटल्याच घ्या. नंतर पावडरीने भागतं. फक्त नवा डबा उघडाल तेव्हा त्याच्यासोबत आलेलाच चमचा वापरा आणि बाजूला छापलेलं प्रमाण वाचूनच पहिली बाटली कालवा. बाळाला पाजणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला ते दाखवा.