नकारात्मक अभिप्रायाची दुरुस्ती : मुळशीतील एका विहिरीचा अनुभव

एखाद्या व्यवसायाबद्दल ग्राहकाने लिहिलेला नकारात्मक अभिप्राय लिहिला त्या दिवशी खरा असतो. तो वाचला मात्र पुढे कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे जातो आणि वाचणारा तो आजची माहिती म्हणूनच वाचतो. मधल्या काळात मालकाने दोष दूर केला, तर जुने वाक्य न बदलताही चुकीचे ठरते. अशा वेळी अभिप्राय दुरुस्त करण्यात न्याय कोणता, दुरुस्ती कधी करावी आणि तिच्यात काय लिहावे, हे मुळशी तालुक्यातील एका कृषी पर्यटन केंद्राच्या उदाहरणावरून नीट कळते. हा अनुभव प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाचा आहे. केंद्राचे नाव येथे दिलेले नाही.

मुळशी तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्याला लागून आहे. ताम्हिणी घाटाच्या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये मुसळधार पाऊस पडतो आणि पुण्याहून येणाऱ्या पर्यटकांची गर्दीही त्याच दिवसांत असते. भातलावणीचा हंगामही हाच. संबंधित केंद्राची विहीर भातखाचरांच्या खालच्या अंगाला होती. तिचा जुना दगडी कठडा एका बाजूने ढासळला होता. चिखलणी सुरू झाली की खाचरातील गढूळ पाणी बांध ओलांडून त्या खिंडारातून थेट विहिरीत उतरे. तेच पाणी पंपाने टाकीत आणि टाकीतून स्वयंपाकघरात जाई. जुलैमधील त्या मुक्कामात पिण्याच्या तांब्यात तळाशी मातीचा थर बसलेला दिसला. परतल्यावर कुटुंबातील दोघांना जुलाब झाले.

यावर गूगल मॅप्सवर पहिला अभिप्राय लिहिला गेला आणि केंद्राला 1 स्टार दिला गेला. त्यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या. पिण्याचे पाणी गढूळ होते, ही डोळ्यांनी पाहिलेली बाब होती. दोघे आजारी पडले, हेही खरे होते. पण ‘या पाण्यामुळे आजारी पडले’ असे लिहिलेले नव्हते, कारण जुलाबाची लक्षणे काही तासांनी दिसतात तशी काही दिवसांनीही दिसतात आणि वाटेत दुसरीकडेही खाणे झाले होते. हा फरक पुढे उपयोगी पडला. जे पाहिले तेवढेच लिहिले असले, की दुरुस्ती करतानाही काय बदलले एवढेच तपासावे लागते.

केंद्राच्या मालकाने अभिप्रायाखाली उत्तर देऊन पाण्याची तक्रार मान्य केली आणि काही महिन्यांनी फोन केला. विहिरीचे काम झाले असल्याचे सांगून त्याने सुचवले, “साहेब, एकदा येऊन बघा, पैसे घेणार नाही. तेवढा रिव्ह्यू मात्र काढून टाका.” या बोलण्यात एक सवलत आणि एक मागणी होती आणि दोन्ही नाकाराव्या लागल्या. गूगलच्या नियमांनुसार पैसे, सवलत किंवा फुकट सेवेच्या बदल्यात अभिप्राय लिहिणे जसे चालत नाही, तसेच लिहिलेला अभिप्राय बदलणे किंवा काढणेही चालत नाही. फुकट मुक्कामानंतर लिहिलेली दुरुस्ती खरी असली, तरी ती कशाच्या मोबदल्यात लिहिली हे वाचकाला कळायला मार्ग नसतो. म्हणून पुढचा मुक्काम पूर्ण पैसे भरूनच करायचे ठरले.

दुसरा प्रश्न केव्हा जायचे हा होता. मालकाचा आग्रह दिवाळीनंतर येण्याचा होता. पण त्या दिवसांत खाचरे कोरडी होत आलेली असतात आणि कठडा ढासळलेल्या विहिरीतही पाणी नितळ दिसते. दोष ज्या परिस्थितीत दिसला त्याच परिस्थितीत तो गेला आहे का, हे पाहिल्याशिवाय दुरुस्तीची खात्री होत नाही. प्रयोगशाळेच्या अहवालालाही हेच लागू होते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून पाणी तपासून घेता येते आणि मालकाकडे पाणी योग्य ठरवणारा अहवाल होताही. पण नमुना उन्हाळ्यातला होता. अहवाल हातात आला की निष्कर्षाच्या आधी नमुना कुठून व कोणत्या तारखेला घेतला हे वाचावे. मे महिन्यातील नमुन्यावरून जुलैच्या पाण्याबद्दल काही सांगता येत नाही. त्यामुळे दुसरी भेट पुढच्या आषाढात, लावणी चालू असताना झाली.

विहिरीभोवतीचा बदल पाहताक्षणीच ध्यानात येत होता. कठडा पूर्ण बांधून वर उचलला होता. सभोवती सिमेंटचा ओटा केला होता आणि त्याला बाहेरच्या बाजूला उतार होता. खाचराच्या अंगाला चर खणून वरून येणारे पाणी ओढ्याकडे वळवले होते. पाऊस पडत असतानाच हे पाहता आल्यामुळे चरातून गढूळ पाणी वाहते आहे आणि विहिरीत उतरत नाही, हे प्रत्यक्ष दिसले. स्वयंपाकघरासाठी वेगळी टाकी होती. तिच्यात येणारे पाणी आधी वाळूच्या फिल्टरमधून जाई आणि नंतर त्यात टीसीएल पावडरचे द्रावण घातले जाई.

यातला क्रम महत्त्वाचा आहे. गावोगावी पाणी शुद्ध करण्यासाठी टीसीएल वापरतात, पण गढूळ पाण्यात ती टाकली तर बराचसा क्लोरिन मातीतील सेंद्रिय पदार्थांवरच खर्च होतो आणि मातीच्या कणांना चिकटलेले जंतूही त्यातून वाचू शकतात. म्हणून आधी पाणी नितळ करायचे आणि मग क्लोरिन द्यायचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आय.एस. 10500 मध्ये, गढूळपणाची स्वीकारार्ह मर्यादा 1 एन.टी.यू. आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास 5 पर्यंत सूट आहे. क्लोरिन दिलेल्या पाण्यात तो लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम शिल्लक असावा, असेही हे मानक सांगते. शिवाय टीसीएलचे पोते उघडे राहिले तर दमट हवेत पावडरीची ताकद उतरते. मुळशीच्या पावसाळ्यात हे लवकर घडते, त्यामुळे ‘रोज पावडर टाकतो’ एवढे उत्तर पुरेसे ठरत नाही.

शिल्लक क्लोरिन तपासायची सोपी रीत म्हणजे ग्रामपंचायतींमध्ये होणारी ओटी टेस्ट. क्लोरिन दिल्यानंतर किमान अर्धा तास थांबून नळाचे पाणी नळीत घेतात, त्यात ओटी द्रावणाचे थेंब टाकतात आणि आलेला पिवळा रंग सोबतच्या रंगपट्टीशी ताडून पाहतात. रंग आलाच नाही, तर क्लोरिन शिल्लक नाही असे समजायचे. केंद्रात हा संच होता. स्वयंपाकघरातील नळाच्या पाण्याला पिवळा रंग आला. न्हाणीघराच्या पाण्याला आला नाही, कारण ते अजूनही विहिरीतून थेट येत होते आणि किंचित गढूळही होते. जेवणघरातील भांड्यात मात्र स्वयंपाकघराचेच पाणी भरले जात होते. हे सारे पाहिल्यावर अभिप्राय बदलायला आधार मिळाला आणि तो किती बदलायचा, याची मर्यादाही ठरली.

गूगल मॅप्सवर एका खात्यावरून एका ठिकाणाला एकच अभिप्राय देता येतो. आपल्या अभिप्रायाशेजारचे तीन ठिपके दाबून `Edit review` निवडले की मजकूर आणि स्टार दोन्ही बदलता येतात. मात्र नवा मजकूर जुन्याची जागा घेतो आणि आधी काय लिहिले होते ते वाचकाला दिसत नाही. त्यामुळे जुनी हकीकत टिकवायची, तर ती नव्या मजकुरात लिहिणाऱ्यालाच ठेवावी लागते. दुरुस्त मजकूर असा होता : “मागच्या जुलैत येथे पिण्याचे पाणी गढूळ होते, म्हणून 1 स्टार दिला होता. या जुलैत, भर पावसात, पुन्हा राहिलो. पूर्ण पैसे भरले. विहिरीचा कठडा नवा आहे, पिण्याच्या पाण्याला फिल्टर आहे आणि ओटी टेस्टमध्ये क्लोरिन आढळला. न्हाणीघराचे पाणी अजून थेट विहिरीचे आहे, ते पिऊ नये. तशी पाटी तिथे नाही. आता 4 स्टार.” पाचवा स्टार दिला नाही, याचे कारण शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे.

फोटोंचा विचार वेगळा करावा लागतो. अभिप्रायाला जोडलेला फोटो त्या ठिकाणच्या फोटोसंग्रहातही दिसतो आणि तिथे त्याच्याबरोबर मजकूर नसतो. पहिल्या अभिप्रायाला जोडलेला तांब्यातील गाळाचा फोटो तसाच राहिला असता, तर दुरुस्ती न वाचणाऱ्याला तो आजचाच वाटला असता. म्हणून तो काढला आणि पाणी गढूळ होते ही नोंद मजकुरात ठेवली.

अशी दुरुस्ती न्याय्य का, याचे पहिले उत्तर साध्या हिशेबात आहे. लहान केंद्राला मोजकेच अभिप्राय असतात. समजा, 24 जणांची सरासरी 4.5 आहे. त्यात 1 स्टारची भर पडली की सरासरी 4.36 होते. तोच अभिप्राय 4 स्टारचा झाला की ती 4.48 होते. म्हणजे पडद्यावर 4.4 च्या जागी 4.5 दिसते. जवळपास सारख्या केंद्रांच्या यादीतून निवड करताना लोक हा आकडा बघतात. विहिरीवर खर्च करूनही तो हलणार नसेल, तर पुढच्या दोषासाठी खर्च करण्यापेक्षा नाराज ग्राहकाला सवलत देऊन गप्प करणे मालकाला परवडेल.

दुसरे उत्तर वाचकाच्या बाजूचे आहे. अभिप्राय पुसून टाकला असता, तर मालकाचे समाधान झाले असते, पण तक्रार आल्यावर हे केंद्र काय करते ही माहितीही गेली असती. दोष आणि दुरुस्ती दोन्ही तारखांसह एकत्र वाचली, तर पुढचा पाहुणा पिण्याच्या पाण्याबद्दल निश्चिंत होतो आणि न्हाणीघराच्या नळाबद्दल सावध राहतो. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन ग्राहक अभिप्रायांसाठी आय.एस. 19000 हे ऐच्छिक मानक आणले. ते मुख्यतः अभिप्राय गोळा करून प्रसिद्ध करणाऱ्यांसाठी आहे, पण त्यातील अचूकता आणि पारदर्शकता ही तत्त्वे लिहिणाऱ्यालाही लागू पडतात.

दुरुस्ती करू नये असेही प्रसंग असतात. मालकाने केवळ पैसे परत केले, तर ग्राहकाचे नुकसान भरून निघते, विहीर मात्र तशीच राहते. अशा वेळी स्टार न बदलता पैसे परत मिळाल्याची नोंद करावी. काम झाल्याचे नुसते फोटो आले आणि पुन्हा जाणे शक्य नसेल, तर ‘मालकाने असे कळवले आहे, स्वतः पाहिलेले नाही’ एवढेच जोडावे. आणि दुरुस्तीनंतरच्या एखाद्या पावसाळ्यात टीसीएल संपलेली किंवा चर बुजलेला आढळला, तर त्याच अभिप्रायात तीही नोंद तारखेसह करावी.