परिचयाचे दीड मिनिट

सुनंदाताई,

१० सप्टेंबर, म्हणजे जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन, या दिवशी वाचनालयात ज्या आई बोलणार आहेत, त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा आत्महत्येने गेला असल्याने, त्यांचा परिचय ही पदव्यांची आणि पुरस्कारांची यादी होऊ शकत नाही. पुढचा तासभर सभागृहाने कोणत्या शब्दांत विचार करावा, हे त्या दीड मिनिटातच ठरते.

यातला पहिला प्रश्न क्रियापदाचा आहे. ‘आत्महत्या केली’ हा प्रयोग रूढ असला, तरी त्यात हत्येचा कर्ता म्हणून गेलेलाच उभा राहतो आणि ऐकणाऱ्या आईच्या कानी आरोप पडतो. भारतीय दंड संहितेच्या ३०९ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न दीर्घकाळ गुन्हा ठरवला होता, तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या ११५ व्या कलमाने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे, विरुद्ध पुरावा नसल्यास, गृहीत धरायला सांगितले. कायद्याने जे पाऊल उचलले, ते सूत्रसंचालनाच्या भाषेनेही उचलायला हवे. म्हणून ‘आत्महत्येने मृत्यू झाला’ असे म्हणावे. मृत्यूची पद्धत, जागा आणि चिठ्ठीतला मजकूर यांचा उल्लेख मुळीच नसावा, कारण तशाच विवंचनेत असलेल्या श्रोत्याला त्यातून अनुकरणाची वाट दिसू शकते; जागतिक आरोग्य संघटनेने वृत्तमाध्यमांना हेच सांगितले आहे.

परिचयाआधी वक्त्यांना फोन करून मुलाचे नाव घ्यायचे की नाही, हे विचारणे अत्यावश्यक आहे. काही पालकांना नाव टाळले की मूल दुसऱ्यांदा पुसले गेल्यासारखे वाटते, तर काहींना ते परक्या तोंडून नको असते. हा निर्णय संयोजकांचा नाही. ‘धीराची माता’, ‘दुःखावर मात’ अशी विशेषणेही गाळावीत, कारण अशी ओळख झाल्यावर व्यासपीठावर रडण्याची मुभा उरत नाही. शेर आणि ‘टाळ्यांच्या गजरात स्वागत’ यांनाही येथे जागा नाही.

मजकूर साधारण असा असावा: “आज बोलणाऱ्या ताई शिक्षिका आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्यानंतरच्या दिवसांबद्दल त्या बोलतील. ऐकताना जड वाटल्यास मागच्या दाराने बाहेर जाता येईल. तिथे समुपदेशक बसल्या आहेत. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दाराशी लिहिला आहे. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावेत.” यानंतर सूत्रसंचालकाने क्षणभर थांबून, काहीही न जोडता, ध्वनिक्षेपक त्यांच्या हाती द्यावा.

हा मसुदा आदल्या दिवशी त्या आईंना वाचून दाखवावा आणि त्या जो शब्द खोडतील तो कारण न विचारता काढावा, ही विनंती.