त्रामीचा फोटो

हा फोटो श्रीनगरच्या एका हॉटेलातला. सुभेदारसाहेबांना पेन्शनवर जायला आठवडा उरला होता, म्हणून आम्ही तिघांनी वर्गणी काढून त्यांना वाजवान खिलवायचं ठरवलं.

मधोमध दिसते ती त्रामी, म्हणजे कल्हई केलेली तांब्याची मोठी परात. चौघांत एकच. भाताच्या ढिगाचे सीख कबाबांनी चार वाटे केलेत. ज्याने त्याने आपल्या समोरच्या वाट्यातलं खायचं, दुसऱ्याच्या हद्दीत हात घालायचा नाही. साहेबांच्या ताटात जेवायचं म्हणून आमचा धाकटा शिपाई अवघडून बसला होता. साहेबच म्हणाले, "अरे, घास घे की. इथे रँक नाही."

आता चवीचं खरं सांगतो. लाल रस्स्यातला गोळा दिसतो तो रिस्ता, आणि तो उत्तम होता. ताजं मटण आणि चरबी दगडावर लाकडी मोगरीने कुटून कुटून त्याचा लगदा करतात. यंत्रातून काढलेला खिमा असेल तर गोळा मोडल्यावर रवाळ कण दिसतात. हा बोटांनी दाबला तर स्पंजासारखा परत फुलत होता आणि आतून एकसारखा गुळगुळीत निघाला.

तबक माज मात्र फसलं. बरगडीचं हे मटण आधी मसाल्याच्या पाण्यात शिजवून मग तुपात तळतात. वरून कुरकुरीत, आतून मऊ हवं. फोटो मोठा करून पाहा, कडेला चरबी पांढरी थिजलेली दिसेल. त्यात थोडा दोष आमचाही. वाढल्यावर पाच मिनिटं आम्ही फोटोच काढत होतो. पण पहिल्या घासालाही कुरकुरीतपणा नव्हता, म्हणजे ते आधीच तळून ठेवलेलं असणार.

दुसरी चूक उजवीकडच्या वाटीत आहे. दह्याच्या पांढऱ्या रस्स्यातला तो मोठा गोळा म्हणजे गुश्ताबा. वाजवानात तो अगदी शेवटी येतो. तो आला की जेवण संपत आलं असं पंगतीने समजायचं. इथे सगळं एकदमच टेबलावर आणून ठेवलं. वेटरला घाई, आम्हाला काही ठाऊक नाही. खोऱ्यात तीनदा पोस्टिंग केलेल्या साहेबांनी मात्र ती वाटी हळूच बाजूला सरकवली.

रिस्ता, रोगन जोश, भात सगळं संपल्यावर त्यांनी ती पुढे ओढली. रस्सा गार झाला होता, वर साय धरली होती. आम्ही गरम करून आणायला सांगत होतो, ते नको म्हणाले. गोळ्याचे चार सारखे तुकडे केले, एकेक आमच्या वाट्यात ठेवला आणि आपला शेवटी खाल्ला.

तुम्ही गेलात तर रिस्ता जरूर मागवा. तबक माज समोर तळून देणार असतील तरच घ्या. आणि गुश्ताबा शेवटी आणायला आधीच सांगून ठेवा. तो गरम असतानाच खायचा असतो.